कुपनावरचा नंबर दुकानाचा होतो का?

मी कुपनं छापतो. म्हणजे लग्नपत्रिका, बिलबुकं, पॅम्प्लेट सगळंच छापतो, पण दसरा ते दिवाळी नाशकातल्या दुकानदारांना लकी ड्रॉची कुपनं लागतात आणि तेव्हा अशोक स्तंभाजवळचा आमचा गाळा रात्री बारा-बारापर्यंत उघडा असतो. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यात मी काही सोवळा नाही, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, घरचा पूर्ण पत्ता या ओळी मीच वर्षानुवर्षं छापत आलोय, जुन्या कुपनाची फाईल कॉम्प्युटरमध्ये पडलेली आहे, वरचं दुकानाचं नाव बदलायचं आणि छपाईला सोडायचं, कुणी विचारतही नाही की बाबा ही जन्मतारीख कशाला पाहिजे.

दोन दिवाळ्यांपूर्वी मेन रोडवरच्या एका कपड्याच्या दुकानाचं काम केलं. नाव घेत नाही, शेठ माणूस चांगला आहे आणि आजही माझं गिऱ्हाईक आहे. दोन हजारांच्या खरेदीवर एक कुपन, पहिलं बक्षीस स्कूटर, मग फ्रिज, मग पाच मिक्सर. चार हजार कुपनं छापली, त्यातली तीनेक हजार भरून डब्यात पडली असतील. कुपनावर सात ओळी होत्या, नाव, पत्ता, मोबाईल, जन्मतारीख, लग्नाची तारीख, बिल नंबर आणि सही.

ड्रॉ झाला तुळशीच्या लग्नाच्या आसपास. एका छोट्या मुलीने डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या, टाळ्या वाजल्या, आणि तिथल्या तिथे दुकानातल्या पोराने सातही विजेत्यांच्या कुपनांचे फोटो काढून दुकानाच्या स्टेटसला आणि फेसबुकला टाकले. अख्खं कुपन, नंबरासकट. हेतू वाईट नव्हता, उलट ड्रॉ खरा झाला, घरातल्या घरात बक्षीस वाटलं नाही, हे लोकांना दिसावं म्हणूनच टाकले होते.

मिक्सर लागलेल्यांमध्ये इंदिरानगरच्या आमच्या ओळखीच्या एक मावशी होत्या. दोन दिवसांनी त्यांना फोन, मावशी मी अमुक दुकानातून बोलतोय, तुमचं कुपन नंबर इतकं इतकं ना, मिक्सर तर तुमचा आहेच पण एका विजेत्याने टीव्ही नाकारला म्हणून तो तुम्हाला लागलाय, फक्त जीएसटीचे ३,४०० आत्ता पाठवा, बिल दुकानात मिळेल. आता सांगा, ज्याला माझं नाव माहितीये, दुकान माहितीये, कुपन नंबर माहितीये, कुठलं बक्षीस लागलं ते माहितीये, त्याच्यावर कुणी का विश्वास ठेवणार नाही? मावशींनी पाठवले. परत फोन आला की आता गाडीभाडं पाठवा, तेव्हा त्यांच्या मुलाला संशय आला, त्याने १९३० ला फोन लावला, तक्रार नोंदवली, पण तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. ३,४०० ही काही फार मोठी रक्कम नाही. पण मावशी त्या दुकानात परत गेल्या नाहीत, मिक्सर आणायलाही मुलगाच गेला.

शेठचं म्हणणं, यात आमचा काय दोष, चोर तो चोर. मला हे पटत नाही. चोराला घराची किल्ली कुणी दिली हे बघायला नको का? आपल्याकडे मोबाईल नंबर म्हणजे नुसते दहा आकडे राहिलेले नाहीत. तो यूपीआय ॲपमध्ये टाकला की समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं, सेव्ह करून व्हॉट्सॲप उघडलं की बऱ्याचदा फोटो दिसतो. त्याला जन्मतारीख आणि पत्ता जोडला की कुणीही अगदी घरच्यासारखं बोलू शकतो. आणि नंबर काही पासवर्ड नाही की गेला तर बदलला, तो बँकेत, गॅसला, पोरांच्या शाळेत, सगळीकडे दिलेला असतो.

बरं, स्टेटसवर गेले ते फक्त सात. उरलेल्या तीन हजारांचं काय झालं हे मला नंतर कळलं, आणि मला वाटतं खरी गोष्ट तिथेच आहे. शेठने सुट्टीतल्या एका कॉलेजच्या पोराला कुपनामागे काही पैसे ठरवून टायपिंगला दिली. त्या पोराने गठ्ठा घरी नेला, कारण दुकानात बसायला जागा नाही. काही कुपनांचे फोटो काढून मित्राला पाठवले, की तू पण टाईप कर. एक्सेल बनली ती पोराच्या जीमेलवर, तिथून शेठच्या व्हॉट्सॲपवर, तिथून मेसेज पाठवणाऱ्या एजंटकडे, त्याने ती आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. मूळ कुपनं पोत्यात भरून माळ्यावर आणि पुढच्या साफसफाईत रद्दीत. आता मोजा, एकाच यादीच्या किती प्रती झाल्या आणि त्यातल्या किती शेठच्या हातात राहिल्या. कुणी हॅकिंग केलं नाही, कुणी पाच पैसे घेऊन विकलीही नसेल कदाचित, नुसती ती सांडत गेली.

कुठून सांडली हे कळतं का? कळतं, थोडी चलाखी केली तर. आमची सौ. गेली काही वर्षं प्रत्येक दुकानाच्या कुपनावर स्वतःच्या नावात थोडा फरक करते, एका ठिकाणी मधलं नाव नाही, एका ठिकाणी आडनावाचं स्पेलिंग वेगळं, आणि कुठे काय लिहिलं ते कॅलेंडरच्या मागे टिपून ठेवते. मग प्लॉट विकणाऱ्याचा फोन येतो आणि तो ज्या नावाने हाक मारतो त्यावरून तिला लगेच कळतं की ही यादी कुठल्या दुकानातून गेली. दुकानदारालाही हे करता येतं, यादीत आपल्याच घरातला एखादा जास्तीचा सिम नंबर बनावट नावाने टाकून ठेवायचा. तो नंबर फक्त त्याच यादीत आहे, म्हणजे त्यावर परक्याचा मेसेज आला की समजायचं यादी बाहेर गेली. एजंट बदलायचा की नाही हे ठरवायला याच्याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आता शेठची बाजू, कारण ती मला पूर्ण चुकीची वाटत नाही. तो म्हणाला, "अरे बाबा, मी स्कूटर काय हौस म्हणून देतो का? मला नंबर पाहिजेत म्हणूनच तर ड्रॉ ठेवतो. नंबर घ्यायचे नाहीत तर सरळ दहा टक्के सूट देईन ना." बरोबर आहे. ऑनलाईनवाल्यांकडे गिऱ्हाईकाचा सगळा पत्ता असतो आणि मेन रोडच्या दुकानदाराने पाडव्याला सेल आहे एवढं सुद्धा कळवायचं नाही, हा कुठला न्याय. माझं भांडण नंबर घेण्याशी नाहीच. भांडण याच्याशी आहे की कुपनावर लिहिलंय "भाग्यवान विजेत्यांची सोडत" आणि मनात आहे जाहिरातीची यादी. गिऱ्हाईकाने नंबर दिला तो बक्षीस लागलं तर कळावं म्हणून. तेवढ्यापुरताच दिला. सोडतीनंतर तो वापरायचा असेल तर वेगळं विचारा आणि नाही म्हणाला तरी त्याचं कुपन डब्यात राहू द्या, एवढंच.

कायदासुद्धा याच वाटेने जातो. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ सालचा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यात मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिलेली. कायद्यातच एक छान उदाहरण दिलंय, औषधाच्या दुकानाचं. गिऱ्हाईक औषध घेतं, पैसे देतं आणि पावती मोबाईलवर पाठवा म्हणून आपणहून नंबर देतं, तर दुकानदाराने तो नंबर पावती पाठवायला वापरावा. पावतीसाठी दिलेला नंबर पावतीसाठी. सोडतीसाठी दिलेला सोडतीसाठी. संमती कशी पाहिजे तर मोकळेपणाने दिलेली, कशासाठी ते स्पष्ट असलेली, विनाअट, आणि जितकी माहिती त्या कामाला लागते तितक्यापुरतीच. आता मला सांगा, सोडतीला लग्नाची तारीख कशाला लागते?

बरेच दुकानदार म्हणतात की आमचं तर सगळं कागदावर, हा कायदा डिजिटलचा. अर्धं खरं. कुपन डब्यात आहे तोवर तो कागदच आहे, पण ज्या क्षणी ते पोरगं ते एक्सेलमध्ये टाईप करतं त्या क्षणी ती माहिती डिजिटल झाली आणि कायद्यात आली, असं त्यात सरळ लिहिलंय. म्हणजे टाईपच केलं नाही तर? हाच तर मुद्दा आहे, पुढे येतो त्यावर.

दंडाचे आकडे कोटींमध्ये आहेत, सुरक्षेची काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत, पण मेन रोडच्या दुकानदाराला त्याने घाबरवण्यात अर्थ नाही, ती वरची मर्यादा आहे आणि दंड ठरवताना चूक केवढी होती हे बघतात. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच, ग्राहक संरक्षण कायदा २०१९. तो २०२० पासून लागूच आहे. गिऱ्हाईकाने विश्वासाने दिलेली व्यक्तिगत माहिती तिसऱ्याला देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून धरलेली आहे. २०२३ च्या मे महिन्यात तर केंद्राच्या ग्राहक खात्याने दुकानदारांना सांगितलंच होतं की बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका. म्हणजे नवीन कायद्याची वाट बघायचं कारणच नाही. (लकी ड्रॉ मुळात ग्राहक कायद्यात कितपत बसतो हाही प्रश्न आहे, पण तो आज काढला तर माझंच गिऱ्हाईक तुटेल.)

त्याच कायद्यात अजून एक गंमत आहे, बक्षीस योजनेचा निकाल लपवून ठेवणं हीसुद्धा अनुचित प्रथा. म्हणून निकाल जाहीर तर करायलाच पाहिजे. पण निकाल जाहीर करणं आणि कुपनाचा फोटो टाकणं या दोन गोष्टी एक नाहीत. कुपन क्रमांक आणि फार तर पहिलं नाव टाका, ज्याच्या हातात अर्धं कुपन आहे त्याला कळेल की आपलाच नंबर आहे, बाकीच्यांना काय करायचंय.

आता माझी स्वतःची फजिती पण सांगतो, नाहीतर वाटेल सगळा शहाणपणा दुसऱ्यालाच. आमच्या गल्लीतल्या मंडळाची रांगोळी स्पर्धा होती, म्हणलं कागद कशाला, गूगल फॉर्म करू. नाव, मोबाईल, पत्ता, वय. फॉर्म माझा, सेटिंग माझं. दीडेकशे नोंदी आल्यावर एका ताईंचा फोन आला, "दादा, फॉर्म भरल्यावर खाली मागचे सगळे नंबर दिसतायत, असं मुद्दाम ठेवलंय का?" झालं असं होतं की सेटिंगमध्ये View results summary हे बटण चालू राहिलं होतं. ते चालू असलं की फॉर्म भरणाऱ्याला आधीच्यांच्या उत्तरांचा गोषवारा बघता येतो, आणि मोबाईल नंबर हे पण एक उत्तरच ना, त्याचीही यादी तिथे येते. आवडता रंग विचारायला ठीक आहे ते. दीडशे बायकांचे नंबर, कोण कुणाला फोन करणार काय माहीत. मी बटण बंद केलं आणि मग शीट उघडली तर ती पण Anyone with the link वर, कारण परीक्षकांना पाठवायला सोपं जावं म्हणून मीच तसं केलं होतं. त्या दिवसापासून फॉर्म बनवला की मी आधी दुसऱ्याच मोबाईलवरून, स्वतःच्या खात्यात लॉगिन न करता, तो भरून बघतो. भरल्यावर काय दिसतं ते बघायचं, शीटची लिंक तिथून उघडते का ते बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे, मी ते केलं नव्हतं.

आणि त्या बायकांना मी कळवलं का? कळवलं. मंडळातले म्हणाले कशाला उगाच, कुणाच्या लक्षात पण आलं नसेल. पण त्यांना माहीत असलं तर अनोळखी फोन आल्यावर त्या सावध तरी राहतील. पाठवताना ग्रुप मात्र केला नाही हं, कारण ग्रुप केला की सगळ्यांना सगळ्यांचे नंबर, म्हणजे एक भोक बुजवायला दुसरं. एकेकीला पाठवला, अर्धा दिवस गेला. ब्रॉडकास्ट लिस्टचा उपयोग नव्हता, ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही. दुकानदार विजेत्यांचे, गिऱ्हाईकांचे ग्रुप का करतात त्याचं कारण पण हेच आहे, ब्रॉडकास्ट पोचत नाही आणि ग्रुप पोचतो. पण तो पोचतो गिऱ्हाईकांच्या नंबरांच्या जिवावर.

तर गेल्या वर्षी शेठ परत आला, तेच कुपन छाप म्हणाला, मी म्हणलं थांबा. दोन दिवस वाद घालून जे कुपन ठरलं ते असं. दोन भाग, मध्ये टोचा म्हणजे फाडायला बारीक भोकांची रेघ, दोन्हीवर एकच क्रमांक. वरचा भाग गिऱ्हाईकाकडे, खालचा डब्यात. खालच्या भागावर फक्त तीन ओळी, नाव, मोबाईल, बिल नंबर. खरं तर मोबाईलशिवायही चालतं, जुन्या काळी दुकानाच्या दारावर क्रमांक लावायचे आणि लोक येऊन बघायचे, पण आता सिन्नरचं, दिंडोरीचं गिऱ्हाईक निकाल बघायला परत कशाला येईल, त्याला फोनच करावा लागतो. पॅनची ओळ शेठच्या सीएने सुचवली होती, कारण दहा हजारांवरच्या बक्षिसावर तीस टक्के टीडीएस लागतो. पण तो लागतो स्कूटर आणि फ्रिजवाल्याला, मग पॅन बक्षीस देताना त्या दोघांचाच घ्या, तीन हजार लोकांचा कशाला.

त्याखाली हा मजकूर, शब्द मीच जुळवले:

"तुमचा नंबर फक्त बक्षीस लागल्यास कळवण्यासाठी. बक्षीसवाटप झाल्यावर हे कुपन नष्ट केले जाईल. सेल आणि नवीन मालाचे मेसेज हवे असतील तर इथे खूण करा ☐ (खूण केली नाही तरी कुपन सोडतीत राहील). मेसेज बंद करायचे असतील तर दुकानाच्या नंबरवर 'बंद' एवढेच पाठवा."

कायद्याला पूर्ण उतरायचं तर तक्रार कुठे करायची तेही लिहावं लागेल, ती ओळ डब्याशेजारच्या बोर्डावर लावली, कुपनावर जागा नव्हती.

आणि सगळ्यात मोठा फरक टायपिंगमध्ये. ड्रॉनंतर कुपनांचे दोन ढीग केले, खूण असलेली आणि नसलेली. टाईप झाली ती फक्त खूण असलेली, दुकानात बसून, दुकानाच्या कॉम्प्युटरवर. नसलेली टाईप झालीच नाहीत, म्हणजे त्यांची एक्सेल नाही, एक्सेल नाही म्हणजे एजंटकडे जाणं नाही, जीमेलवर राहणं नाही. पंधरा दिवस विजेत्यांची वाट बघितली, मग माझ्याच गाळ्यातल्या कटिंग मशीनवर त्या गठ्ठ्याच्या पट्ट्या केल्या. शेठ स्वतः बघायला उभा होता, मला वाटतं जरा हळहळतच.

आमचे एक काका आहेत पंचवटीतले, त्यांनी हे ऐकून मला टोमणा मारला. म्हणाले, "तुमच्या हिशोबाने तर रामकुंडावरच्या गुरुजींच्या वह्या पण फाडायला पाहिजेत, त्यात तर पिढ्यानपिढ्यांची नावं लिहून ठेवलीत." मी त्यावर बराच विचार केला. त्या वह्यांत खरोखर लोकांची कुळंच्या कुळं आहेत, गाव, आडनाव, कोण कधी आलं, सोबत कोण होतं. पण ती नावं लिहूनच घेतात ती पुढच्या पिढीला सापडावीत म्हणून, तिथे जपून ठेवणं हेच काम आहे. आणि तुम्ही गेलात की आधी तुम्हाला गाव आणि आडनाव विचारतात, मग तुमच्याच घराण्याचं पान निघतं. कुणी ती वही उचलून प्लॉटवाल्याला दिल्याचं मी तरी ऐकलं नाही. कशासाठी लिहून घेतलंय हे लिहिणाऱ्याला आणि लिहून देणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. मिक्सरच्या कुपनात तेच नसतं.

हिशोब शेठच्या बाजूने लावायचा तर यादी लहान झाली, खूण केलेली कुपनं निम्म्याहूनही कमी निघाली आणि पहिले चार दिवस त्याने मला फोनवर ऐकवलं. मी त्याला एवढंच विचारलं की आधीच्या तीन हजारांच्या यादीतले किती जण मेसेज वाचून आले होते? ते त्याने कधी मोजलंच नव्हतं. यातले मोजतोय म्हणाला, मेसेज दाखवणाऱ्याला काउंटरवर एक रुमाल देतो, म्हणजे आकडा कळतो.

यंदाची ऑर्डर कालच आली. दोन भाग, टोचा, खुणेची चौकट सगळं तसंच ठेवायला सांगितलंय. फक्त जन्मदिवसाची ओळ त्याला परत पाहिजे, वाढदिवसाला दहा टक्के सूट द्यायची आहे म्हणाला. तासभर हुज्जत घातली आणि शेवटी ती ओळ खुणेच्या चौकटीखाली घेतली, ज्याला मेसेज हवेत त्यानेच भरायची, आणि फक्त तारीख-महिना, साल नाही. साल कशाला पाहिजे ते त्यालाही सांगता आलं नाही.